फळरसाच्या दुकानांची साखळी आणि फ्रँचायझीचे माहितीपत्रक

मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिकपासून सुमारे वीस किलोमीटरवर असलेले ओझर हे निफाड तालुक्यातील मोठे गाव होय. १९६४ साली येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना सुरू झाला आणि शेतकरी वस्तीच्या शेजारी कामगारांची मोठी वसाहत उभी राहिली. गावाच्या आसपास द्राक्षाचे मळे आहेत, पिंपळगाव बसवंतची बाजारपेठ जवळच आहे आणि महामार्गावरून वाहनांची ये-जा अखंड चालू असते. फळरसाच्या दुकानांची साखळी चालविणाऱ्या एखाद्या कंपनीस येथे आपले दुकान असावे असे वाटले, तर त्यात नवल नाही. कंपनी स्वतः भांडवल न घालता स्थानिक व्यक्तीस आपले नाव, पाककृती आणि कार्यपद्धती वापरण्याचा अधिकार देते व त्याबद्दल मोबदला घेते. या व्यवस्थेस फ्रँचायझी असे म्हणतात.

अशी व्यक्ती मिळविण्यासाठी कंपनी माहितीपत्रक काढते. ते वाचणारा बहुधा नुकताच निवृत्त झालेला कामगार असतो किंवा द्राक्षबागेच्या उत्पन्नावर पूर्णपणे विसंबू न इच्छिणारा शेतकऱ्याचा मुलगा असतो. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम किंवा बँकेचे कर्ज हेच त्याचे भांडवल. माहितीपत्रकातील एखादे वाक्य संदिग्ध राहिले, तर त्याची किंमत प्रथम त्यालाच मोजावी लागते. यास्तव गुंतवणूक, साहाय्य आणि अपेक्षा या तीन गोष्टी माहितीपत्रकात कशा मांडाव्यात, याचा विचार येथे एका उदाहरणाच्या आधारे केला आहे.

नाव एक, करार वेगळा

महाराष्ट्राला एकाच नावाची अनेक दुकाने नवीन नाहीत. ‘कानिफनाथ’ किंवा ‘नवनाथ’ या नावाची उसाच्या रसाची गुऱ्हाळे व रसवंतीगृहे राज्याच्या कित्येक शहरांत दिसतात. त्यांचे मालक मात्र निरनिराळे असतात. श्रद्धेने घेतलेले नाव, गावकीचे नाते आणि एकमेकांचे पाहून शिकलेला धंदा यांवर ती चालतात. एका रसवंतीचा रस पातळ निघाला, तर दुसऱ्या गावच्या रसवंतीला कोणी जाब विचारत नाही.

फ्रँचायझीत नावाबरोबर करार येतो. नाव कंपनीच्या मालकीचे असते आणि ते वापरण्यासाठी शुल्क द्यावे लागते. पेल्याचे माप, फळाची प्रत, दुकानाचा रंग आणि कित्येकदा विक्रीचा दरही कंपनी ठरविते. आपल्या देशात केवळ फ्रँचायझीसाठी केलेला स्वतंत्र कायदा नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ आणि व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ यांसारख्या सर्वसाधारण कायद्यांच्या आधारे हे व्यवहार होतात. अमेरिकेत १९७० च्या दशकातच यासंबंधी नियम झाले. तेथील संघराज्य व्यापार आयोगाच्या नियमानुसार ठरावीक तेवीस बाबींची माहिती असलेला दस्तऐवज सही होण्यापूर्वी किमान चौदा दिवस इच्छुकाच्या हाती द्यावा लागतो. त्यात प्रारंभिक गुंतवणुकीचा तक्ता असतो आणि किती दुकाने उघडली, किती बंद पडली याची नोंदही असते. आपल्याकडे अशी सक्ती नसल्यामुळे काय सांगावे आणि काय सांगू नये हे माहितीपत्रक लिहिणाऱ्यावरच अवलंबून राहते.

गुंतवणूक : एक आकडा नव्हे, तर तक्ता

‘फक्त दीड लाखात स्वतःचे ज्यूस सेंटर’ अशी जाहिरात पुष्कळदा वाचावयास मिळते. तो आकडा खोटा असतोच असे नाही. बहुधा तो कंपनीच्या प्रवेशशुल्काचा असतो. दुकान उघडण्यास लागणारा एकूण खर्च हा त्याहून निराळा असतो, आणि वाचणाऱ्यास हवा असतो तो हाच.

ओझरला दोनशे चौरस फुटांच्या गाळ्यात दुकान काढावयाचे आहे असे समजू. पुढील सर्व आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. ते कोणत्याही विशिष्ट कंपनीचे नाहीत. अशा दुकानाचा तक्ता माहितीपत्रकात पुढीलप्रमाणे द्यावा :

प्रवेशशुल्क १,५०,००० रुपये व त्यावरील १८ टक्के जीएसटी २७,००० रुपये : कंपनीस, करारावर सही करताना; परत मिळणार नाही.
अनामत ५०,००० रुपये : कंपनीस, करार संपल्यावर येणे रक्कम वजा करून परत.
गाळ्याची अनामत, सहा महिन्यांचे भाडे, ९०,००० रुपये : गाळामालकास, गाळा सोडताना परत.
ओटा, फरशी, नळजोडणी, वीजकाम व नामफलक २,२०,००० ते २,८०,००० रुपये : कारागीर व पुरवठादारांस, परत मिळणार नाही.
रसयंत्रे, मिक्सर, शीतपेटी, डीप फ्रीझर, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, वजनकाटा व बिलाचे यंत्र २,४०,००० ते २,७०,००० रुपये : पुरवठादारांस, जुन्या मालाच्या भावाने विकता येईल.
पहिला माल, पेले व गणवेश ४०,००० रुपये.
परवाने व नोंदण्या १०,००० रुपये.

ही बेरीज ८ लाख २७ हजार ते ९ लाख १७ हजार रुपये होते. दीड लाखाचा आकडा तक्त्यात आहे, परंतु तो एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे.

या तक्त्यात प्रत्येक रकमेपुढे ती कोणास, केव्हा द्यावयाची आणि परत मिळते की नाही, हे लिहिले आहे. पैकी ‘परत मिळते की नाही’ ही नोंद वगळण्याचा मोह कंपनीस सर्वांत अधिक होतो. वरील रकमेपैकी केवळ १ लाख ४० हजार रुपये अनामतीचे आहेत. दुकान बंद करावे लागल्यास एवढेच हमखास परत येण्यासारखे आहेत. यंत्रांचे जे येईल ते येईल. फरशी आणि फलक यांवर झालेला खर्च मात्र गेलाच म्हणून समजावे.

जीएसटीची ओळ स्वतंत्र दाखविण्यासही कारण आहे. उपाहारगृहसेवेप्रमाणे पाच टक्के कर भरणाऱ्या दुकानास आपल्या खरेदीवर व सेवांवर दिलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे प्रवेशशुल्कावरील २७ हजार रुपये हा त्याच्या दृष्टीने निव्वळ खर्च ठरतो. ‘कर अतिरिक्त’ असे दोन शब्द छापून ही रक्कम बेरजेबाहेर ठेवणे योग्य नव्हे.

राखीव रक्कम : महिना कोणता?

वरील तक्त्यात आणखी एका ओळीची भर घालावी लागते. धंदा स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत तोटा भरून काढण्यासाठी काही रक्कम हाती असावी लागते. ‘तीन महिन्यांचा खर्च राखून ठेवावा’ असे सर्वसाधारण वाक्य अनेक माहितीपत्रकांत असते. फळरसाच्या धंद्यात ते पुरेसे नाही, कारण येथील विक्री हवामानावर हलते. हिवाळ्यात राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद पुष्कळदा निफाड तालुक्यातच होते. ओझरच्या दुकानाचा हिशेब मुंबईच्या दुकानावरून मांडला, तर तो पहिल्याच डिसेंबरात चुकल्याचे दिसून येईल.

हिशेब असा मांडता येतो. कर सोडून एका पेल्याची सरासरी किंमत ६० रुपये आहे असे धरू. फळे, बर्फ, पेला आणि नासाडी मिळून ४६ टक्के, म्हणजे २७ रुपये ६० पैसे जातात. कंपनीचे स्वामित्वशुल्क, ज्यास व्यवहारात रॉयल्टी म्हणतात, ते विक्रीच्या ५ टक्के असून त्यावरील करासह ते ३ रुपये ५४ पैसे होते. हे वजा जाता पेल्यामागे २८ रुपये ८६ पैसे उरतात. त्यातून दरमहाचा ठरलेला खर्च भागवावयाचा असतो. १५ हजार रुपये भाडे, तीन कामगारांचे ३९ हजार, विजेचे ९ हजार आणि पाणी, स्वच्छता, दुरुस्ती व इतर मिळून ६ हजार, असा तो ६९ हजार रुपये होतो. ६९ हजारांस २८ रुपये ८६ पैशांनी भागिले असता महिन्यास सुमारे २,३९० पेले येतात. म्हणजेच दररोज ८० पेले विकले गेले, तर खर्च भागतो. त्याहून कमी विक्री म्हणजे पदरचे घालणे होय.

आता मार्च ते जून या चार महिन्यांत रोज १४० पेले, जुलै ते ऑक्टोबर ७५ आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ६० पेले खपतात असे धरू. वर्षाची सरासरी सुमारे ९२ पेले येते. केवळ सरासरी पाहिली तर दुकान सुरक्षित वाटते. महिन्यांचा हिशेब पाहिला तर चित्र बदलते. उन्हाळ्यात दरमहा सुमारे ५२ हजार रुपये उरतात, पावसाळ्यात दरमहा ४ हजारांची तूट येते आणि हिवाळ्यात ती १७ हजारांवर जाते. दुकान मार्चमध्ये उघडले तर उन्हाळ्याची शिल्लक पुढील महिन्यांना पुरते. तेच जुलैमध्ये उघडले तर पुढील उन्हाळा येईपर्यंत सुमारे ८४ हजार ५०० रुपये घरून आणावे लागतात.

म्हणून राखीव रकमेची ओळ अशी लिहावी : ‘दुकान जुलै महिन्यात सुरू केल्यास पहिल्या आठ महिन्यांची तूट भरून काढण्यासाठी किमान ९० हजार रुपये वेगळे ठेवावे लागतील. या रकमेत दुकानचालकाच्या कुटुंबाचा खर्च धरलेला नाही.’ ही ओळ मिळविली म्हणजे एकूण गुंतवणूक ९ लाख १७ हजार ते १० लाख ७ हजार रुपये होते. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापावयाचा आकडा हा आहे.

मिळकतीविषयी काय सांगावे

वरील उदाहरणात वर्षाअखेर १ लाख २४ हजार रुपये शिल्लक राहतात. यंत्रांची झीज, कर्जाचे व्याज आणि चालकाची स्वतःची मजुरी यांपैकी कशाचाही त्यात समावेश नाही. चालकाने पाच लाख रुपये ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले असतील, तर दरमहाचा हप्ता सुमारे १० हजार ९०० रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे १ लाख ३० हजार रुपये होतो. तीन पगारी कामगार ठेवून मालकाने केवळ देखरेख करावयाची, अशी योजना असेल, तर शिल्लक हप्त्यालाही पुरत नाही.

याच दुकानात चालक एका कामगाराच्या जागी स्वतः उभा राहिला, तर वर्षाला १ लाख ५६ हजार रुपये वाचतात. हप्ता भरून त्याच्या हाती महिन्याला सुमारे साडेबारा हजार रुपये राहतात. म्हणजे कर्ज फिटेपर्यंतची पाच वर्षे त्याला आपल्याच दुकानात एका कामगाराइतके वेतन मिळते आणि कर्ज फिटल्यावर त्याची मिळकत जवळजवळ दुप्पट होते. काही कुटुंबांना हे मान्य होईल, काहींना होणार नाही. निर्णय त्यांचा आहे. तो घेण्यासाठी लागणारी माहिती देणे हे कंपनीचे काम आहे.

येथे कंपनी आणि दुकानचालक यांच्या हितसंबंधांतील एक भेदही स्पष्ट केला पाहिजे. वर्षभरात ३३ हजार पेल्यांची १९ लाख ८० हजार रुपयांची विक्री झाली, तर कंपनीस कर सोडून ९९ हजार रुपये स्वामित्वशुल्क मिळते. ते विक्रीवर आकारलेले असल्यामुळे डिसेंबरातही मिळते. तोट्याचा महिना असतो तो केवळ चालकाचा. ‘तुमच्या यशातच आमचे यश’ या वाक्याऐवजी माहितीपत्रकात असे लिहावे : ‘स्वामित्वशुल्क विक्रीवर आकारले जाते, नफ्यावर नाही. दुकान तोट्यात असलेल्या महिन्यातही ते द्यावे लागेल.’

मिळकतीचा कोणताही आकडा द्यावयाचा असेल, तर तो कोठून आला हे सोबत सांगावे. किती दुकानांची नोंद घेतली, ती कोणत्या गावांतील, किती जुनी आणि त्यांपैकी किती दुकानांनी तो आकडा गाठला, हे चार तपशील हवेत. कंपनीचे एकही दुकान तालुक्याच्या किंवा महामार्गावरच्या गावात नसेल, तर ‘अशा गावातील विक्रीचा आमच्याकडे अनुभव नाही’ हे वाक्य छापण्यात कमीपणा नाही. उलट, माहीत असूनही खोटा आकडा दिला तर करार अधिनियमाच्या कलम १७ नुसार तो कपट ठरू शकतो, आणि अशा रीतीने मिळविलेली संमती कलम १९ अन्वये करार रद्द करण्यास कारण होऊ शकते. आधार नसताना निश्चयपूर्वक केलेले असत्य विधान, करणाऱ्यास ते खरे वाटत असले तरी, कलम १८ खाली येऊ शकते.

साहाय्य : किती दिवस, कोणाच्या खर्चाने

‘कंपनीचे संपूर्ण सहकार्य लाभेल’ हे वाक्य माहितीपत्रकात नेहमी आढळते, आणि त्यावरून काहीच कळत नाही. साहाय्याचे प्रत्येक वचन मोजता येईल अशा शब्दांत द्यावे. उदाहरणार्थ : ‘चालक व दोन कामगार यांना कंपनीच्या नाशिक येथील दुकानात दहा दिवस प्रशिक्षण दिले जाईल. प्रशिक्षणाचे शुल्क नाही. जाण्यायेण्याचा व जेवणाचा खर्च चालकाने करावा. दुकान उघडल्यावर कंपनीचा एक अनुभवी कामगार पाच दिवस दुकानात राहील. त्यानंतर तिसऱ्या महिन्यापर्यंत दर पंधरवड्यास आणि पुढे दर तिमाहीस एक भेट दिली जाईल.’ जेथे साहाय्य संपते ते स्थानही सांगावे. कामगार सोडून गेल्यास नवा कामगार कंपनी देणार नसेल, तर तसे लिहावे. हा प्रसंग प्रत्येक दुकानात कधी ना कधी येतोच.

यंत्राच्या दुरुस्तीविषयी तर विशेष स्पष्टता हवी. एप्रिलच्या दुपारी रसयंत्र बंद पडले आणि कारागीर तीन दिवसांनी आला, तर वर्षातील सर्वांत चांगल्या महिन्यातील सुमारे चारशे पेल्यांची विक्री बुडू शकते. दुरुस्ती कोण करणार, किती तासांत, पर्यायी यंत्र मिळणार काय आणि सुट्या भागांचे पैसे कोणाचे, हे लिहावे. कारागीर केवळ पुण्यात वा मुंबईत असेल, तर वाचणाऱ्यास ते आधी कळावे, म्हणजे तो एक जादा मिक्सर गाठीशी ठेवील.

फळांची खरेदी हा साहाय्याच्या प्रकरणातील सर्वांत नाजूक भाग होय. मोसंबीचा रस वजनाच्या मानाने साधारणतः ४० ते ४५ टक्के निघतो. पेल्यात १८० मिलिलिटर रस द्यावयाचा तर सव्वाचारशे ते साडेचारशे ग्रॅम फळ लागते. मोसंबी जालना व छत्रपती संभाजीनगरकडून येते. तिचा भाव किलोमागे ३० रुपयांनी वाढला, तर एका पेल्याचा खर्च १३ रुपयांनी वाढतो आणि त्या पेल्यावरची शिल्लक जवळजवळ निम्मी होते. विक्रीचा दर कंपनीने बांधून दिला असेल, तर हा भार चालकास एकट्याने सोसावा लागतो. तेव्हा दर कोण ठरविणार, भाव चढल्यास तो किती दिवसांत बदलता येईल आणि ते फळ तात्पुरते यादीतून वगळण्याची मुभा आहे काय, हे माहितीपत्रकात असावे.

तद्वतच कोणता माल कंपनीकडूनच घ्यावयाचा, हेही सांगावे. पेले, अर्क व गोठवलेला गर कंपनीकडून आणि ताजी फळे चालकाने बाजारातून, अशी विभागणी सोयीची असते. ओझरच्या चालकास जानेवारी ते एप्रिल या तोडणीच्या काळात जवळच्या मळ्यांतून द्राक्षे घेता येतात, आणि इतर फळांसाठी पिंपळगाव बसवंत व नाशिकचा बाजार हाताशी आहे. दूरच्या गोदामातूनच फळे घेण्याची सक्ती असेल, तर हा स्थानिक लाभ नाहीसा होतो. पुरविलेल्या मालावर कंपनी नफा घेत असेल, तर तेही लिहावे. नफा घेण्यात गैर काही नाही. ‘केवळ ५ टक्के स्वामित्वशुल्क’ असे सांगून पेल्यांच्या दरात आणखी काही टक्के मिळविणे मात्र वाचणाऱ्याची दिशाभूल करणारे आहे.

अपेक्षा : दोन्ही बाजूंच्या

अपेक्षांच्या प्रकरणात ‘उत्साही व मेहनती उद्योजक हवेत’ एवढेच लिहून चालत नाही. चालकाने दिवसाचे किती तास स्वतः दुकानात असावे, दुकान केव्हा उघडावे व मिटावे, विक्रीची नोंद कंपनीस कशी कळवावी, स्वामित्वशुल्क कोणत्या तारखेस भरावे आणि उशीर झाल्यास काय होईल, हे क्रमाने लिहावे. आधीच्या हिशेबावरून दिसते की चालकाची उपस्थिती ही येथे शोभेची अट नाही. तिच्यावरच दुकानाचे आर्थिक गणित उभे आहे. म्हणून ‘नोकरी सांभाळून जोडधंदा’ म्हणून हे दुकान योग्य नसेल, तर तसे सरळ सांगावे.

स्वच्छतेच्या अटी नेमक्या असाव्यात. फळे पिण्यायोग्य पाण्याने धुणे, बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच वापरणे, रस मागणीनंतर काढणे, यंत्राचे भाग व गाळणी ठरावीक अंतराने उघडून धुणे आणि कापलेली फळे झाकून थंड ठेवणे, या गोष्टी वेळेच्या उल्लेखासह नमूद कराव्यात. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार दुकानास उलाढालीप्रमाणे नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. तो कंपनीच्या परवान्यात आपोआप येत नाही, प्रत्येक जागेसाठी वेगळा असतो. नवख्या माणसास हे ठाऊक नसते.

क्षेत्राची सीमा हा पुढील वादाचा विषय असतो. ‘ओझर शहरासाठी हक्क’ असे लिहिल्याने प्रश्न सुटत नाही. गावातील बाजारपेठ, कारखान्याची वसाहत आणि महामार्गाची कड या तीन निरनिराळ्या गिऱ्हाइकांच्या जागा आहेत. गावात दुकान दिल्यावर कंपनीने वर्षभराने महामार्गावर दुसऱ्यास परवानगी दिली, तर पहिल्याचे रोजचे ८० पेले टिकतील काय? त्यामुळे सीमा रस्त्यांच्या नावांनी किंवा अंतराने लिहावी आणि हक्क किती वर्षांचा आहे हेही सांगावे. असा हक्क मुळीच दिला जाणार नसेल, तर ‘याच गावात दुसरे दुकान देण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते’ हे वाक्य ठळक छापावे.

शेवट कसा होतो हेही अपेक्षांतच मोडते. कराराची मुदत, नूतनीकरणाचे शुल्क, मध्येच सोडावयाचे असल्यास किती महिन्यांची सूचना, दुकान दुसऱ्यास विकण्याची मुभा, फलक उतरविण्याची मुदत आणि अनामत परत मिळण्याचे दिवस, एवढ्या बाबी एका परिच्छेदात मावतात. ‘करार संपल्यावर पाच वर्षे रसाचा धंदा करता येणार नाही’ अशी अट काही ठिकाणी घातली जाते. करार अधिनियमाच्या कलम २७ नुसार धंद्यास प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता शून्य ठरतो, आणि करार संपल्यानंतरच्या अशा बंदीस न्यायालये सहसा मान्यता देत नाहीत. जी अट टिकणार नाही ती माहितीपत्रकात घालून वाचणाऱ्यास धाक घालू नये. कंपनीचे नाव, चिन्ह आणि विशिष्ट पाककृती वापरता येणार नाहीत, एवढी अपेक्षा रास्त आहे. त्यासाठी आपले चिन्ह नोंदलेले आहे की केवळ अर्ज केलेला आहे, हे मात्र कंपनीने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

छापण्यापूर्वीची तपासणी

माहितीपत्रक तयार झाल्यावर ते कंपनीतील मंडळींकडून तपासून घेणे पुरेसे नाही. त्यांना उत्तरे आधीच ठाऊक असतात, म्हणून न लिहिलेलेही त्यांना वाचल्यासारखे वाटते. धंद्याशी संबंध नसलेल्या, परंतु घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या एखाद्या व्यक्तीस ते द्यावे आणि तोंडी खुलासा न करता पाच प्रश्न विचारावेत. पहिल्या दिवसापर्यंत एकूण किती पैसे लागतील? दुकान वर्षभराने बंद केले तर त्यांतील किती परत येतील? रोज किती पेले विकले तर खर्च भागेल? यंत्र बिघडले तर कोणास कळवावयाचे आणि तो केव्हा येईल? कंपनी शेजारी दुसरे दुकान देऊ शकते काय? ज्या प्रश्नाचे उत्तर त्या व्यक्तीस कागदावर बोट ठेवून दाखविता आले नाही, तो भाग पुन्हा लिहावा.

त्यानंतर दोन गोष्टी जोडाव्यात. पहिली म्हणजे चालू व बंद पडलेल्या दुकानांची वर्षवार संख्या, आणि चालकांची संमती घेऊन काही चालू दुकानांचे पत्ते. दुसरी म्हणजे कराराचा मसुदा. तो माहितीपत्रकासोबतच द्यावा आणि सहीपूर्वी किमान दोन आठवडे वाचणाऱ्याजवळ राहू द्यावा, म्हणजे त्यास तो वकिलास वा बँकेतील अधिकाऱ्यास दाखविता येईल. माहितीपत्रकातील आकडे आणि करारातील आकडे एकच असले पाहिजेत. पत्रकात दहा दिवसांचे प्रशिक्षण आणि करारात ‘कंपनीस योग्य वाटेल तेवढे’ असे असेल, तर बंधनकारक ठरते ते बहुधा करारातील वाक्यच.

अशा माहितीपत्रकामुळे येणाऱ्या अर्जांची संख्या घटेल, हे कंपनीने आधीच गृहीत धरावे. दीड लाखाच्या जाहिरातीस जेथे पन्नास पत्रे आली असती, तेथे दहा लाखांच्या तक्त्यास पाच येतील. परंतु त्या पाच जणांनी डिसेंबरातील तुटीचा आकडा वाचलेला असेल, तिच्यासाठी रक्कम बाजूस ठेवलेली असेल आणि रोज ओट्यामागे उभे राहण्याची तयारी केलेली असेल. गळालेल्यांपैकी जे केवळ दीड लाखाच्या भरवशावर दुकान उघडणार होते, त्यांचे दुकान पहिला हिवाळा क्वचितच ओलांडू शकले असते, आणि बंद दुकानावरचा फलक त्या गावात कंपनीच्या नावाने बराच काळ लटकत राहिला असता.